पावसाळी जॅकेटचे कापड पाणी पिऊ लागले आहे : आधी धुवावे, की थेट फवारा मारावा?

वर्धारोड (६ जुलै, रात्री ९.४०)

नमस्कार. मी रोज दुचाकीने नागपूरहून बुटीबोरीला कामावर जातो आणि परत येतो. पाच वर्षांपूर्वी मी एक चांगले, आत पडदा असलेले तीन थरांचे पावसाळी जॅकेट घेतले होते. पहिली तीन वर्षे त्यावर पडलेले पाणी अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे निघून जायचे आणि घरी आल्यावर दोनदा झटकले की जॅकेट कोरडे व्हायचे. यंदा मात्र पहिल्याच मोठ्या पावसात खांदे आणि दोन्ही बाह्यांचा पुढचा भाग दहा मिनिटांत काळपट पडला, जॅकेट जड झाले आणि आतला शर्ट ओलसर लागू लागला. पाठीवर आणि छातीवर अजूनही थोडे थेंब धरतात, पण ते गोल न राहता पसरतात.

मी पुन्हा जलरोधक करणारा फवारा विकत आणला आहे. प्रश्न असा की तो आहे त्या जॅकेटवर थेट मारावा, की त्याआधी काही करावे लागते? जॅकेट घरच्या फ्रंट लोड मशीनमध्ये वर्षातून दोन-तीनदा इतर कपड्यांबरोबर, नेहमीची पावडर आणि कंडिशनर घालून धुतले जाते. आमच्याकडे कपडे वाळवण्याचे यंत्र नाही. बाटलीवर उष्णता देण्याविषयी लिहिले आहे, पण ती कशाने द्यावी हे मला समजलेले नाही.

पावश्या (६ जुलै, रात्री १०.१५)

थेट मारा. मी मागच्या वर्षी चिखलदऱ्याला जाण्याआधी तसेच केले होते. दोन पावसांपुरते काम झाले, नंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझे मत असे झाले आहे की हे सगळे फवारे दोन पावसांचेच असतात आणि पाच वर्षे झालेले जॅकेट बदलणेच बरे. माझे आजोबा कॅनव्हासच्या झोळीवर मेण घासून ती आगीवर धरत असत आणि ती झोळी वर्षानुवर्षे टिकली. कोणी जॅकेटवर मेण लावून पाहिले असेल तर सांगावे.

जुना शिंपी (७ जुलै, सकाळी ७.०५)

वर्धारोड, फवारा तूर्त कपाटात ठेवा. आपण जे वर्णन केले आहे, त्यात जॅकेट गळते आहे असे अजून सिद्ध झालेले नाही. मी बरीच वर्षे तंबू, पाठपिशव्या आणि पावसाळी कपडे दुरुस्त करतो आहे आणि ‘गळते’ म्हणून माझ्याकडे आलेल्या जॅकेटांपैकी पुष्कळशी प्रत्यक्षात फक्त मळलेली असतात.

अशा जॅकेटमध्ये पाणी अडवण्याचे काम दोघे मिळून करतात. आतला पडदा पाणी खरोखर आत येऊ देत नाही. बाहेरच्या कापडाच्या धाग्यांवर एक अतिशय पातळ लेप असतो, ज्याला दुकानदार डीडब्ल्यूआर म्हणतात, आणि तो पाण्याला कापडात मुरू देत नाही. हा लेप निकामी झाला तरी पडदा शाबूत असतो, पण बाहेरचे कापड पाण्याने तुडुंब भरते. मग अंगातली वाफ बाहेर पडायला वाट उरत नाही, भिजलेले कापड गार पडते, त्या गारव्याने आतल्या बाजूला घाम साचतो आणि माणसाला वाटते की पाऊस आत आला.

ही शंका घरीच तपासता येते. खांद्याचा जो भाग काळा पडतो, त्याखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवावा, कापडाची बाहेरची बाजू वर ठेवून त्याला वाटीसारखा खळगा करावा, त्यात अर्धा पेला पाणी ओतावे आणि दहा मिनिटे थांबावे. कागद कोरडा राहिला तर पडदा ठीक आहे आणि रोग वरच्या लेपाचा आहे. कागदावर डाग उमटला तर पडदा फाटला किंवा सुटला आहे, आणि मग कोणताही फवारा उपयोगाचा नाही. शिवणीवर हीच चाचणी वेगळी करावी, कारण शिवणीची आतली पट्टी निघाली असेल तर तेथून थेंब येतात आणि दोष उगीच कापडावर जातो.

आता लेपाविषयी. तो पाच वर्षांत थोडा झिजला असणारच, पण बहुतेक वेळा तो जागेवर असून झाकला गेलेला असतो. मानेचे तेल, रस्त्यावरचा धूर आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुमची पावडर आणि कंडिशनर. साबणाचा धर्मच असा की त्याचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. तो नीट निघाला नाही तर धाग्यावर बसून पाण्याला आत बोलावतो. कंडिशनर तर कापडावर राहावा म्हणूनच बनवलेला असतो. अशा मळावर फवारा मारला तर तो धाग्याला न चिकटता मळाला चिकटतो आणि मळ निघाला की त्याच्याबरोबर निघून जातो. पावश्या, तुमचे दोन पाऊस बहुधा याचमुळे दोन राहिले. म्हणून आधी जॅकेट धुवावे, पूर्ण वाळल्यावर इस्त्रीने मंद उष्णता देऊन लेप जागा करावा आणि फवाऱ्याचे नंतर पाहावे.

मेणाविषयी तुमचे आजोबा बरोबर होते, पण त्यांचे कापड सुती होते. जाड सुती कापडात मेण मुरते आणि त्याला श्वास घ्यायचा नसतो. नायलॉनच्या पातळ थराखाली पडदा असेल तर मेण त्यावर नुसते बसते, धूळ धरते आणि वाफेची वाट कायमची बुजवते.

रात्रपाळी (७ जुलै, दुपारी २.३०)

मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि पहाटे घरी परतताना नेहमी पावसात सापडते. माझा रेनकोट आतून चिकट झाला आहे, घडीच्या जागी भेगा पडल्या आहेत आणि काखेजवळ पाणी येते. तो प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत आहे, चारशे-पाचशे रुपयांचा असेल. शिंपीकाका म्हणतात तसा तो धुऊन त्यावर इस्त्री फिरवली तर पुन्हा चांगला होईल का?

जुना शिंपी (७ जुलै, दुपारी ४.१०)

ताई, आपला रेनकोट वेगळ्या जातीचा आहे. त्यावर इस्त्री अजिबात फिरवू नका, कारण तो वितळून इस्त्रीला चिकटेल. त्यात लेप वेगळा आणि कापड वेगळे असे काही नसते. सगळे प्लॅस्टिकच पाणी अडवते, त्यामुळे जागे करण्यासारखे तेथे काही नाही. काखेजवळचे पाणी शिवणीच्या भोकांतून येत असेल तर आतून चिकटपट्टी लावून हा पावसाळा निघेल, पण घडीवर पडलेल्या भेगा थांबणार नाहीत. पुढचा घेताना शिवण सुईने घातलेली नसून उष्णतेने जोडलेली आहे ना, एवढे पाहून घ्या. उन्हाळाभर तो गाडीच्या डिकीत राहिला होता का? नागपूरच्या मे महिन्यात डिकीतल्या प्लॅस्टिकचे जे होते, त्याला इलाज नाही.

रात्रपाळी (७ जुलै, दुपारी ४.३५)

हो, बाराही महिने डिकीतच असतो. धन्यवाद. पट्टी लावून पाहते.

रसायनशाळा (७ जुलै, रात्री ८.५०)

मी निवृत्त शिक्षक आहे आणि आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले आहे. शिंपीकाकांच्या म्हणण्यात एक भर घालतो. आपल्याकडे महापालिकेचे पाणी पेंच आणि कन्हानचे असते, पण अनेक सोसायट्यांत कपडे बोअरवेलच्या जड पाण्याने धुतले जातात. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वडीच्या साबणाशी संयोग पावून न विरघळणारा पांढरट साका करतात आणि तो साका कापडावर बसतो. म्हणून वडीचा साबण वापरूच नये आणि शेवटचे खळबळणे तरी नळाच्या पाण्याने करावे.

धुताना पाणी चांगले कढत, साठ अंशांचे घ्यावे, म्हणजे तेल नीट सुटेल. उष्णतेसाठी यंत्र किंवा इस्त्री लागत नाही असे माझे मत आहे. लेपाच्या रेणूंच्या शेपट्या धाग्यावर उभ्या असतात तेव्हा पाणी थेंब होऊन बसते. घासून आणि धुऊन त्या आडव्या पडतात आणि ऊब मिळाली की पुन्हा उभ्या राहतात. ही ऊब आपल्या नागपूरच्या उन्हात हवी तेवढी आहे. जॅकेट दोन तास गच्चीवर टाका.

जुना शिंपी (७ जुलै, रात्री १०.००)

सर, साक्याविषयी आपण सांगितले ते अगदी खरे आहे आणि शेपट्यांचे चित्रही बरोबर आहे. साठ अंशांच्या पाण्याला मात्र माझी हरकत आहे. बहुतेक जॅकेटांच्या आतल्या चिठ्ठीवर तीस किंवा चाळीस अंश लिहिलेले असते. त्यापेक्षा गरम पाण्यात पडदा कापडाला ज्या गोंदाने चिकटवलेला असतो तो आणि शिवणीची पट्टी सैल पडण्याचा धोका असतो. ओल्या कापडाला पाण्यात घुसळताना मिळणारी उष्णता आणि कोरड्या कापडाला थोडा वेळ वरून मिळणारी उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उन्हाविषयी माझा अनुभव आपल्याविरुद्ध आहे. गडद कापड मे महिन्यात खरेच खूप तापते हे मान्य, पण त्याबरोबर अतिनील किरणही नायलॉनवर पडतात आणि त्यांनी धागा कमजोर होतो. शिवाय आता जुलै आहे, आणि गेल्या पाच दिवसांत ऊन कोणी पाहिले?

वर्धारोड (९ जुलै, रात्री ९.२०)

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे चाचणी केली. दोन्ही खांद्यांवर आणि डाव्या बाहीवर पाणी ठेवले. बाहेरचे कापड काळे झाले, पण खालचा कागद दहा मिनिटांनी पूर्ण कोरडा होता. खांद्यावरच्या शिवणीतूनही काही आले नाही. म्हणजे पडदा शाबूत आहे आणि मी तीन आठवडे स्वतःच्या घामाला पाऊस समजत होतो.

काल जॅकेट धुतले. मशीनचा साबणाचा कप्पा बाहेर ओढून पाहिला, तर त्यात कंडिशनरचा निळसर, बुळबुळीत थर बोटभर साचलेला होता, तो जुन्या दातघासणीने घासून काढला. जॅकेटची मुख्य चेन, खिशांच्या चेना आणि वेल्क्रो बंद केले, कॉलरच्या आतल्या बाजूला पातळ द्रव डिटर्जंटचे चार थेंब बोटाने चोळले आणि जॅकेट एकटेच, तीस अंशांवर, नेहमीच्या निम्म्याहून कमी द्रव डिटर्जंट घालून लावले. पिळण्याचा वेग सर्वांत कमी ठेवला होता, तरी मशीन एकदा जोरात हादरले. खळबळण्याचे चक्र दोनदा दिले. आता उष्णता द्यावी का?

जुना शिंपी (९ जुलै, रात्री ९.५५)

एक गोष्ट राहिली आहे. बादलीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात जॅकेट दोन मिनिटे हाताने हलवून पाहा. पाण्यावर फेस आला तर साबण अजून आत आहे, आणि फेस येणे थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. मशीनमध्ये खळबळून निघालेले जॅकेट स्वच्छ दिसते, पण आत पडदा असल्यामुळे पाणी त्यातून आरपार जात नाही. घड्यांत आणि बाह्यांत साबणाचे पाणी अडकून राहते. मशीन हादरले तेही त्याचमुळे, कारण पिळताना जॅकेटची पिशवी होऊन पाणी एकाच बाजूला साठते. पुढच्या वेळी पिळण्याचे चक्र बंदच करा आणि पाणी निथळू द्या. हाताने पीळ देऊन पिळणेही नको, त्याने पडदा चुरगळतो.

वर्धारोड (१० जुलै, रात्री ८.३०)

पहिल्या बादलीत चांगला फेस आला, हे पाहून मला आश्चर्य वाटले. दुसऱ्या बादलीत कमी, तिसऱ्या बादलीत कडेला थोडे बुडबुडे आणि चौथ्या बादलीत पाणी स्वच्छ. बोअरवेलचे पाणी टाळून नळाचेच घेतले. आता जॅकेट गॅलरीत हँगरवर टांगले आहे. हवेत इतका दमटपणा आहे की सकाळपर्यंत तरी वाळेल की नाही, शंका आहे.

गोकुळपेठ (१० जुलै, रात्री ९.०५)

मी हा धागा शांतपणे वाचतो आहे, कारण माझ्याकडेही तसेच जॅकेट आहे. घरी इस्त्री नसते, आमचे सगळे कपडे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या भाऊंकडे जातात. हे काम त्यांच्याकडे दिले तर चालेल का?

जुना शिंपी (१० जुलै, रात्री ९.५०)

त्यांची इस्त्री कोळशाची असेल तर कृपया देऊ नका. ते आपल्या कामात कितीही तरबेज असले तरी कोळशाच्या इस्त्रीला ‘कमी’ असा आकडा नसतो, ती सुती कापडाच्या अंदाजाने तापलेली असते आणि नायलॉन तिच्याखाली चकाकते, आकसते किंवा चिकटते. चकाकलेला डाग म्हणजे वितळलेला धागा, तो परत येत नाही. शेजाऱ्यांकडची विजेची इस्त्री अर्ध्या तासासाठी मागून आणा.

वर्धारोड, आपल्यासाठीही आताच लिहून ठेवतो. जॅकेट पूर्ण वाळल्याशिवाय इस्त्रीला हात लावू नका. आधी आतल्या चिठ्ठीवर इस्त्रीचे चित्र फुलीने कापलेले नाही ना ते पाहा. इस्त्री सर्वांत कमी आकड्यावर, म्हणजे एक ठिपका किंवा नायलॉन असे लिहिलेल्या जागी ठेवावी आणि वाफ बंद करावी. जॅकेटची बाहेरची बाजू वर ठेवून त्यावर पातळ सुती पंचा अंथरावा आणि इस्त्री सतत फिरती ठेवावी. एका जागेवर हात ठेवून पाहिला तर कापड चांगले गरम लागावे, पण चटका बसू नये, हा माझा अंदाज. शिवणी, चेन, छापील चिन्ह आणि चमकणाऱ्या पट्ट्या वगळाव्यात, कारण ही सगळी चिकटवलेली कामे आहेत.

ज्यांच्याकडे वाळवण्याचे यंत्र आहे त्यांचे काम सोपे. गोअर-टेक्सच्या सूचनांत जॅकेट यंत्रात मंद उष्णतेवर वाळवून, वाळल्यानंतर आणखी वीस मिनिटे फिरवायला सांगितले आहे. लेपाला जाग आणतात ती हीच शेवटची वीस मिनिटे. त्याआधीच्या वेळात उष्णता नुसते पाणी उडवण्यात खर्च होते.

वर्धारोड (१२ जुलै, सायंकाळी ६.४५)

जॅकेट वाळायला दीड दिवस लागला. आज दुपारी इस्त्री केली. पाठ, छाती, टोपी आणि बाह्या यांवर पंचा ठेवून साधारण वीस मिनिटे फिरवली. थंड झाल्यावर झाडांना पाणी मारण्याच्या लहान बाटलीने सगळीकडे तुषार उडवले.

पाठीवर, छातीवर आणि टोपीवर पाणी लहान लहान गोळ्यांसारखे उभे राहिले आणि कापड तिरके करताच खाली धावले. फवाऱ्याचा एक थेंबही न वापरता एवढा फरक पडला. बाह्यांच्या वरच्या भागातही तसेच. पण दोन्ही खांद्यांवर, जेथे पाठपिशवीचे पट्टे येतात, आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या पुढच्या भागात थेंब अर्धा मिनिट टिकतात, मग त्यांच्या कडा पसरतात आणि कापड काळे पडते.

जुना शिंपी (१२ जुलै, रात्री ८.१५)

हेच अपेक्षित होते. जेथे लेप झाकला गेला होता, तेथे तो धुण्याने मोकळा झाला आणि उष्णतेने उभा राहिला. जेथे पट्ट्यांनी घासून तो निघून गेला, तेथे उभे राहायला काही उरलेलेच नाही. आता तुमच्या फवाऱ्याची वेळ आली आहे, आणि तीही फक्त खांदे आणि बाह्यांपुरती. पाठीवर मारण्याची गरज नाही.

पावश्या (१२ जुलै, रात्री ९.००)

शिंपीकाका, मग फवाऱ्यापेक्षा मशीनमध्ये पाण्यात मिसळून वापरायचे जे औषध मिळते ते बरे नाही का? माझ्या मित्राने तेच वापरले. जॅकेट सगळीकडून सारखे होते, एखादी जागा सुटत नाही. फवाऱ्यात निम्मे औषध वाऱ्यावर जाते.

जुना शिंपी (१२ जुलै, रात्री ९.४०)

सुटत नाही हे खरे आहे, पण ते आतल्या बाजूलाही लागते. आत जाळी किंवा अस्तर असेल तर त्याने घाम शोषून पसरवावा अशी अपेक्षा असते. तेच पाणी झटकू लागले तर घाम अंगावर थेंबांनी राहतो. म्हणून अस्तर असलेल्या जॅकेटला मी फवाराच वापरतो. आत अस्तर नसलेल्या पातळ कवचाला मशीनमधले औषध चालते.

पावश्या (१२ जुलै, रात्री ९.५५)

माझ्या मित्राच्या जॅकेटला अस्तर आहे आणि त्याची काहीही तक्रार नाही. येथे मी आपल्याशी पूर्ण सहमत नाही. मात्र माझे जॅकेट टाकून देण्याचा विचार मी सध्या थांबवला आहे. उद्या मीही चार बादल्या भरतो.

वर्धारोड (१५ जुलै, रात्री ९.३०)

काम पूर्ण झाले, म्हणून सगळे क्रमाने लिहितो. माझ्या बाटलीवर स्वच्छ आणि ओलसर कापडावर मारावे असे लिहिले होते. म्हणून खांदे आणि बाह्या पाण्याने ओलसर करून घेतल्या. जॅकेट गॅलरीत हँगरवर अडकवले, घरात वास कोंडू नये म्हणून दार लावून घेतले आणि एक वितीच्या अंतरावरून एकसारखा फवारा मारला. दोन मिनिटांनी जेथे पांढरट थेंब साचले होते, ते ओल्या फडक्याने टिपले. पहिल्या बाहीवर मी टिपायला विसरलो, तेथे वाळल्यावर फिकट पांढरा ओघळ दिसू लागला. तो ओल्या फडक्याने पुसला गेला. रात्रभर वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पंचा ठेवून, त्याच कमी आकड्यावर, त्या भागांवर इस्त्री फिरवली.

काल बुटीबोरीहून येताना जोरदार पाऊस होता, जवळजवळ चाळीस मिनिटे. घरी आल्यावर खांदे कोरडे होते आणि थेंब झटकताच गेले. उजव्या मनगटाजवळ तळहाताएवढा भाग मात्र अजूनही काळा पडतो. तेथे कापड हाताला केसाळ लागते.

एक गोष्ट अजून खटकते. आतला शर्ट पाठीवर थोडा ओलसर होताच. पूर्वीइतका नाही, पण होता.

जुना शिंपी (१६ जुलै, सकाळी ७.२०)

मनगटाचा भाग झिजला आहे. धागे तुटून केस वर आले की ते स्वतःच पाणी धरतात आणि त्यावर लेप कितीही दिला तरी तो महिनाभरच टिकेल. तो भाग तसाच राहू द्या, आतला पडदा तेथेही काम करतोच आहे.

पाठीच्या ओलसरपणाविषयी मी खोटी आशा देणार नाही. पडद्यातून वाफ बाहेर जाते ती आत दमट आणि उबदार, बाहेर कोरडे आणि गार, या फरकाच्या बळावर. नागपूरच्या जुलैत पावसात हवा अठ्ठावीस अंशांची आणि बाष्पाने भरलेली असते, तेव्हा तो फरकच फार थोडा उरतो. हिमालयात जे जॅकेट अंग कोरडे ठेवते, तेच येथे तुम्हांला घाम आणेल आणि त्यात लेपाचा काही दोष नसेल. काखेखाली चेन असतील तर गाडीवर त्या उघड्या ठेवा. वाऱ्याने जेवढे काम होईल, तेवढे पडद्याने होणार नाही.

एक विचारायचे राहिले. आपले जॅकेट पाच वर्षांपूर्वीचे आहे, त्यावरचा मूळ लेप फ्लोरीनचा असेल तर तो तेलही झटकत असे. अलीकडचे बरेच फवारे फ्लोरीनविरहित आहेत. ते पाणी छान अडवतात, पण तेल अडवत नाहीत. आपली बाटली तशी असेल तर फवारलेल्या भागांना त्वचेचे तेल आणि गाडीचे ग्रीस लागू देऊ नका, आणि थेंब पसरू लागले की वाट न पाहता धुवा.

वर्धारोड (१६ जुलै, रात्री ९.१०)

बाटली पाहिली, फ्लोरीनविरहितच आहे. काखेखाली चेन आहेत आणि त्या मी पाच वर्षांत एकदाही उघडलेल्या नाहीत. उद्यापासून उघडतो.

गोकुळपेठ (१७ जुलै, रात्री ८.००)

माझ्या जॅकेटचे मी आज बादलीतले काम केले. आत पाहतो तर पाठीच्या भागातून पांढरे पापुद्रे निघत आहेत आणि ते पाण्यात तरंगत आहेत. फेस मात्र तिसऱ्या बादलीतच थांबला. पुढे इस्त्री करू का?

जुना शिंपी (१७ जुलै, रात्री ८.२५)

नका करू. ते पापुद्रे म्हणजे आतला जलरोधक थरच सुटतो आहे. पॉलियुरेथेनचा थर वर्षानुवर्षे दमट कपाटात घडी करून राहिला की त्याचे असे होते. ना धुण्याने, ना उष्णतेने, ना फवाऱ्याने तो परत चिकटतो. आपण जॅकेट बादलीत खराब केले असे मुळीच समजू नका. ते आधीच गेलेले होते, पाण्याने फक्त दाखवून दिले. हलक्या सरीत वारा अडवण्यासाठी ते वापरता येईल.

रसायनशाळा (१९ जुलै, सायंकाळी ५.३०)

उन्हाचा प्रश्न मी सोडलेला नाही. आज सेमिनरी हिल्सच्या बाजूला चांगली उघडीप होती. माझ्या जुन्या जॅकेटच्या दोन्ही बाह्या एकत्र धुऊन, फेस संपेपर्यंत खळबळून वाळवल्या होत्या. डाव्या बाहीवर पंचा ठेवून इस्त्री केली, उजवी गच्चीवर दीड तास उन्हात ठेवली आणि नंतर दोन्हींवर एकाच बाटलीने तुषार मारले. डाव्या बाहीवर थेंब गोल राहिले. उजव्या बाहीवरही थेंब धरले, धुण्याआधीपेक्षा निश्चित चांगले, पण डावीपेक्षा चपटे. त्यातला किती भाग धुण्याचा आणि किती उन्हाचा, हे मला सांगता येत नाही, कारण उष्णता अजिबात न दिलेली तिसरी बाही माझ्याकडे नव्हती.

जुना शिंपी (१९ जुलै, रात्री ९.००)

सर, टोपी शिल्लक आहे ना? ती धुऊन सावलीत वाळवा, उष्णता देऊ नका आणि दोन्ही बाह्यांशी ताडून पाहा. मग मे महिन्याच्या उन्हाविषयी आपण पुन्हा बोलू.